पाठ्यपुस्तकातला एक पाठ कसा तपासायचा: एका मेणबत्तीच्या निमित्ताने

पाठ्यपुस्तक परीक्षणाचे बरेच अहवाल मी वाचले आहेत. त्यांत मुखपृष्ठ आकर्षक आहे, छपाई सुबक आहे, भाषा सोपी आहे, कृती भरपूर आहेत, आशय अभ्यासक्रमाला धरून आहे अशी वाक्ये ओळीने येतात. ती कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात, आणि त्यामुळे पाठ सुधारायला बसलेल्या लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून इथे अख्ख्या पुस्तकाचा विचार न करता एकच पाठ घेऊ, आणि त्यातली एक कृती शेवटपर्यंत सोबत ठेवू.

पाठ सहावी-सातवीच्या विज्ञानाचा आहे, ‘हवेचे घटक’. सहा पानांचा. तो मी नमुन्यासाठी जुळवलेला आहे, पण त्यातली वाक्ये विज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटतील. तिसऱ्या पानावर ही कृती आहे: बशीत पाणी घ्या, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करा, तिच्यावर काचेचा पेला पालथा घाला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. त्याखाली हे वाक्य आहे:

“मेणबत्तीच्या ज्वलनासाठी आवश्यक असणाऱ्या ऑक्सिजनचा वापर होऊन निर्माण झालेल्या पोकळीमुळे पाणी पेल्यामध्ये वर चढते, ज्यावरून हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे एक पंचमांश असल्याचे सिद्ध होते.”

अशा पाठाची तपासणी मी पहिल्यांदा केली तेव्हा हे वाक्य बरोबर म्हणून सोडून दिले होते. ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, म्हणजे एक पंचमांश, मग चूक कुठे? आकडा बरोबर होता म्हणून कारणाकडे माझे लक्षच गेले नाही. तेव्हापासून मी पाठ चार वेळा वाचतो, आणि दर वेळी एकच गोष्ट पाहतो. एकाच वाचनात सगळे पाहायला गेले की डोळा शुद्धलेखनावर अडकतो आणि आशय हातातून निसटतो.

पहिले वाचन: अचूकता

पाठाची छायाप्रत काढा आणि पेन्सिलने प्रत्येक दाव्याला क्रमांक द्या. खरे की खोटे हे तपासता येईल असे कोणतेही विधान म्हणजे दावा. एका वाक्यात तीन दावे असले तर तीन क्रमांक. आकृत्या, आकृत्यांखालच्या ओळी, चौकटीतली ‘माहीत आहे का?’ छापाची माहिती आणि स्वाध्यायातले प्रश्नही यात धरायचे. चुका बहुतेक याच कोपऱ्यांत सापडतात, कारण मुख्य मजकुरावरून जितके हात फिरतात तितके चौकटीवरून फिरत नाहीत. वर दिलेल्या वाक्यात पाच दावे आहेत: ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, तो वापरला जातो, त्यामुळे पोकळी होते, पोकळीमुळे पाणी चढते, आणि यावरून एक पंचमांश हे प्रमाण सिद्ध होते. पहिले दोन बरोबर आहेत. उरलेल्या तिन्हींबद्दल पुढे सविस्तर.

प्रत्येक दाव्यापुढे तीनपैकी एक खूण करायची: बरोबर, सोपे करून सांगितलेले, चूक. दुसरी आणि तिसरी खूण यांतला फरक ठरवणे हे या वाचनातले सगळ्यात नाजूक काम आहे. लहान मुलांच्या पुस्तकात प्रत्येक गोष्ट सोपी केलेलीच असते, त्यामुळे अपुरेपणाला चूक म्हणत गेलो तर सगळे पुस्तक लाल होईल. मी एकच प्रश्न विचारतो: वरच्या वर्गात गेल्यावर मुलाला या माहितीत भर घालावी लागेल, की ही माहिती पुसून टाकावी लागेल? भर घालावी लागणार असेल तर ते सोपे करणे. पुसावी लागणार असेल तर ती चूक.

याच पाठातली उदाहरणे घेऊ. “हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो.” हे प्रमाण कोरड्या हवेचे आहे आणि आकारमानाने मोजलेले आहे. खऱ्या हवेत बाष्पही असते आणि ते जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलते. हे पुढच्या वर्गात जोडता येते, म्हणून हे सोपे करणे. फार तर ‘कोरड्या’ हा एक शब्द सुचवावा.

“हवेत 0.03 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो.” हा आकडा एके काळी बरोबर होता. 1958 साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे याच्या सलग मोजणीला सुरुवात झाली, तेव्हा दहा लाख भागांत साधारण 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो 420 च्या वर गेला आहे, म्हणजे 0.04 टक्क्यांहून थोडा जास्त. तरीही जुना आकडा पुस्तकापुस्तकांतून उतरत राहतो. आकडा तपासताना दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचा आधार घेऊ नये याचे कारण हेच आहे. पाठ्यपुस्तके एकमेकांवरून बेतलेली असतात, त्यामुळे चार पुस्तकांत एकच आकडा दिसला तरी साक्षीदार एकच असू शकतो. आधार वरच्या पातळीच्या संदर्भग्रंथाचा किंवा प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या संस्थेच्या नोंदींचा हवा.

“वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि रात्री ऑक्सिजन घेतात.” ही चूक. वनस्पतींचे श्वसन चोवीस तास चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणही चालू असते आणि त्याचा वेग जास्त असतो, म्हणून ते श्वसन बाहेरून दिसत नाही. मुलाच्या मनात मात्र ‘दिवसा एक, रात्री दुसरे’ अशी पाळी बसते आणि ती पुढे मुळापासून उपटावी लागते.

“उच्छ्वासातून आपण कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो.” यावर मी बराच वेळ घालवला आहे. वाक्य खोटे नाही. पण त्यावरून मुले समजतात की बाहेर पडणारी सगळी हवा कार्बन डायऑक्साइडच असते. प्रत्यक्षात उच्छ्वासाच्या हवेत सुमारे 16 टक्के ऑक्सिजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड साधारण 4 टक्के. तसे नसते तर तोंडाने दिलेल्या कृत्रिम श्वासाचा उपयोगच झाला नसता. अशा ठिकाणी मी ‘सोपे करून सांगितलेले’ ही खूण करतो, पण शेजारी लिहितो: ‘गैरसमजाला वाव’. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द दिसले की मात्र थांबायचेच. एक अपवाद सापडला की दावा पडतो.

आता मेणबत्तीकडे वळू. पेल्यातली मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवते का? नाही. ऑक्सिजनचे प्रमाण 21 वरून साधारण 16 टक्क्यांपर्यंत उतरले की ज्योत टिकत नाही. म्हणजे विझल्यानंतरही पेल्यात बराच ऑक्सिजन उरतो. दुसरे म्हणजे, जो ऑक्सिजन वापरला गेला त्याच्या जागी पोकळी होत नाही, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प येते. मेण म्हणून C25H52 धरले तर हिशेब असा:

C25H52 + 38 O2 → 25 CO2 + 26 H2O

38 भाग ऑक्सिजन गेला आणि 25 भाग कार्बन डायऑक्साइड आला. बाष्प थंड काचेवर पाणी होऊन बसते, ते सोडून देऊ. शंभर भाग हवेतला 5 भाग ऑक्सिजन वापरला गेला असेल तर साधारण 3.3 भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि निव्वळ घट राहते 1.7 भागांची. 300 मिलिलिटरच्या पेल्यात ही घट जेमतेम 5 मिलिलिटर भरते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो खरा, पण इतक्या थोड्या वेळात फारसा नाही.

मग पाणी इतके कशाने चढते? तापलेल्या हवेमुळे. पेला ज्योतीवर धरून खाली आणताना आतली हवा तापते, प्रसरण पावते आणि तिचा काही भाग काठाखालून बाहेर पडतो. नीट पाहिले तर बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो. याचा पुरावा डोळ्यांसमोर असतो. ऑक्सिजन वापरला जाण्याने पाणी चढत असते तर मेणबत्ती जळत असताना ते हळूहळू चढत गेले असते. ते चढते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर, झपाट्याने. आणखी साधी कसोटी हवी असेल तर त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या पेटवा. पाणी जास्त चढते. हवेतला ऑक्सिजन तेवढाच असताना असे व्हायला नको होते. चढलेले पाणी कधी कधी एक पंचमांशाच्या जवळ भरते, तो योगायोग आहे.

दुसरे वाचन: सुबोधता

इंग्रजीसाठी केलेली वाचनीयतेची सूत्रे मराठी पाठाला लावू नका. ती शब्दांची सरासरी लांबी आणि वाक्यातली शब्दसंख्या यांवर चालतात. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळे शब्दालाच चिकटते. ‘ज्वलनासाठी’ हा एक शब्द तिथे दोन-तीन शब्दांचे काम करतो. त्यामुळे इंग्रजीत लांब ठरणारे वाक्य इथे आखूड दिसते आणि आखूड शब्द लांब.

त्याऐवजी आधी कात्री चालवा. सगळ्यात लांब पाच वाक्ये काढा आणि प्रत्येकाचे एक क्रिया-एक वाक्य असे तुकडे करा. मेणबत्तीचे वाक्य चोवीस शब्दांचे आहे. संख्येने ते भयंकर नाही, पण त्यात ‘आवश्यक असणाऱ्या’, ‘वापर होऊन’, ‘निर्माण झालेल्या’ अशी कृदंते एकात एक अडकवली आहेत आणि कर्ता हाती येईपर्यंत निम्मे वाक्य संपते. तुकडे केले की असे होते:

मेणबत्ती जळते. जळताना पेल्यातला ऑक्सिजन वापरला जातो. तो वापरला गेला की तिथे पोकळी होते. त्या पोकळीत पाणी चढते.

तिसऱ्या तुकड्यापाशी कोणतेही जागे मूल विचारेल: मग जळताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड कुठे गेला? जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो हे याच पाठाच्या पहिल्या पानावर सांगितलेले आहे. पाठ स्वतःशीच भांडतो आहे, आणि लांब वाक्यामुळे ते भांडण ऐकू येत नाही. सुबोधतेची तपासणी मी भाषेचे पॉलिश म्हणून करत नाही, याचे कारण हे. गुंतलेल्या वाक्यात तुटलेला कार्यकारणभाव लपून राहतो.

त्यानंतर संज्ञा. पाठात प्रथमच येणाऱ्या संज्ञांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे दोन पान क्रमांक लिहा: ती पहिल्यांदा कुठे आली आणि तिचा अर्थ कुठे सांगितला. दुसरा क्रमांक पहिल्यापेक्षा मोठा असेल तर तिथे मूल अडखळणार. मराठी पुस्तकांत याला जोडून आणखी एक दुखणे असते, एकाच गोष्टीची दोन-तीन नावे. या पाठात पहिल्या पानावर ‘प्राणवायू’ आहे आणि दुसऱ्यापासून ‘ऑक्सिजन’. एका परिच्छेदात ‘ज्वलन’, पुढच्यात ‘दहन’. मोठ्यांना हे समानार्थी शब्द वाटतात. मुलाला ते दोन वेगळे वायू वाटतात, दोन वेगळ्या क्रिया वाटतात. शब्दांची पुनरुक्ती टाळण्याची आपली निबंधातली सवय विज्ञानाच्या पाठात घातक आहे.

हे झाल्यावरही पाठ मुलांना कळतो की नाही हे आपण ठरवू शकत नाही, ते मुलांकडूनच कळते. त्यासाठी विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडलेली गाळलेल्या शब्दांची चाचणी हाताशी आहे. पाठातला सलग अडीचशे शब्दांचा उतारा घ्यायचा. त्याच्या आधीचे आणि नंतरचे एकेक वाक्य अख्खे ठेवायचे आणि उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळायचा, म्हणजे पन्नास जागा होतात. सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या काढायच्या, नाहीतर रेघेच्या लांबीवरून शब्द ओळखला जातो. पाठ अजून न शिकलेल्या मुलांना ती सोडवायला द्यायची, वेळेचे बंधन ठेवायचे नाही. मूळ शब्दच लिहिला तर गुण, शुद्धलेखन पाहायचे नाही. इंग्रजी वाचकांवर झालेल्या अभ्यासांतून रूढ झालेले मापन असे आहे की 57 टक्क्यांच्या वर गुण असतील तर मूल ते स्वतः वाचू शकते, 44 ते 57 मध्ये शिक्षकाच्या मदतीने, आणि 44 च्या खाली मजकूर त्याच्या आवाक्याबाहेरचा. पन्नास जागांत हे 22 आणि 29 असे पडते.

मराठीत इथे एक अडचण येते. ‘पेल्यामध्ये’ या जागी मुलाने ‘पेल्यात’ लिहिले तर? नियमाने शून्य, समजुतीने पूर्ण गुण. मी दोन्ही बेरजा वेगवेगळ्या ठेवतो आणि अहवालात दोन्ही देतो. 44 आणि 57 या रेषाही मराठीत दगडावरच्या मानू नयेत. खरा उपयोग तुलनेचा आहे. त्याच मुलांना याच पुस्तकातल्या दुसऱ्या पाठाचा उतारा दिला आणि तिथे 30 जागा बरोबर आल्या, इथे 17, तर हा पाठ जड आहे हे निर्विवाद.

तिसरे वाचन: कृती

पुस्तकातली कृती वाचून तपासता येत नाही, करावी लागते. सांगितलेल्या साहित्यात, सांगितलेल्या क्रमाने, मजकुरात नसलेले स्वतःचे ज्ञान न वापरता. घड्याळ लावून. मेणबत्तीची कृती अशी करायला बसलो की पहिल्याच मिनिटात प्रश्न सुरू होतात. पाणी किती घ्यायचे? पेला केवढा? तो झटकन पालथा घालायचा की हळूच? या प्रत्येकाने निकाल बदलतो. पेला ज्योतीवर चार-पाच सेकंद धरून मग खाली टेकवला तर पाणी जास्त चढते, झटकन टेकवला तर कमी. एका वर्गात आठ गट असतील तर आठ उत्तरे येतील आणि पुस्तक एकच सांगते आहे. मग शिक्षक ज्या गटाचे उत्तर एक पंचमांशाच्या जवळ आले त्याला ‘बरोबर’ म्हणतात आणि बाकीचे सात गट शिकतात की आपण पाहिले ते चूक असते.

करून झाल्यावर तीन प्रश्न. कृतीचा प्रश्न कोणी विचारला, पुस्तकाने की मुलाने? पद्धत कोणी ठरवली? उत्तर कोणी काढले? ही विभागणी जोसेफ श्वाब यांच्या मांडणीवरून आली आहे. तिन्ही गोष्टी पुस्तकानेच दिल्या असतील तर ती कृती शोधाच्या शून्य पातळीवर आहे. सगळ्याच कृती वरच्या पातळीवर हव्यात असे नाही. दुर्बीण किंवा थर्मामीटर कसा वापरायचा हे शिकवणारी कृती शून्य पातळीवरच ठीक असते. पण या पाठातल्या कृतीचे शीर्षकच ‘हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे सिद्ध करणे’ असे आहे. मूल पेटी उघडायच्या आधी आत काय आहे ते झाकणावर छापलेले आहे.

पाठाचा एकूण सूर मोजायचा असेल तर विल्यम रोमी यांचा सहभाग निर्देशांक कामाचा आहे. वाक्ये दोन ढिगांत टाकायची. एका ढिगात मुलाला आयते मिळणारे: तथ्य, निष्कर्ष, व्याख्या, आणि लगेच पुढच्याच ओळीत उत्तर दिलेले प्रश्न. दुसऱ्या ढिगात मुलाला काही करायला लावणारे: माहितीचा विचार करून सोडवायचा प्रश्न, स्वतः निष्कर्ष काढण्याची सूचना, करून पाहून अर्थ लावायची कृती, आणि उत्तर न देता सोडलेला प्रश्न. आकृतीखालची नावे वगैरे बाजूला ठेवायची. दुसऱ्या ढिगाला पहिल्याने भागायचे. उत्तर 0.4 ते 1.5 च्या दरम्यान असावे असा संकेत आहे. त्याखाली पुस्तक केवळ सांगते, त्यावर ते इतके विचारत सुटते की माहितीच उरत नाही.

नमुना पाठातली शंभर वाक्ये अशी वाटली तेव्हा 78 पहिल्या ढिगात गेली, 14 दुसऱ्यात आणि 8 बाजूला. निर्देशांक 0.18. पण त्या 14 मधली सहा वाक्ये मेणबत्तीच्या कृतीच्या सूचना होत्या: पाणी घ्या, पेला पालथा घाला. उत्तर शीर्षकातच असल्याने त्यांत अर्थ लावायला काही उरत नाही. ती बाजूच्या आठांत टाकली की दुसऱ्या ढिगात आठच राहतात आणि निर्देशांक 0.10 वर येतो. ‘भरपूर कृती आहेत’ असे लिहिण्याआधी हे वर्गीकरण एकदा करून पाहावे. ते दोघांनी वेगवेगळे करून मग ताडून पाहावे हे उत्तम. शंभरातली वीसहून जास्त वाक्ये वेगवेगळ्या ढिगांत गेली असतील तर आधी ढिगांच्या व्याख्येवर बोलून घ्यावे, आकडा नंतर. आणि हा निर्देशांक खरे-खोटे मोजत नाही हे विसरू नये. चुकीच्या कारणापर्यंत मुलाला स्वतः विचार करायला लावून नेणारा पाठही इथे चांगले गुण मिळवेल.

आता या कृतीचे करायचे काय? दोन वाटा आहेत. ऑक्सिजनचे प्रमाणच मोजायचे असेल तर मेणबत्ती सोडून गंजाकडे वळावे. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते आणि बदल्यात कोणताही वायू सोडत नाही, उष्णताही जाणवण्याइतकी होत नाही. म्हणजे मेणबत्तीतले दोन्ही घोटाळे टळतात. पंधरा सेंटिमीटरची परीक्षानळी घ्यायची. बारीक लोखंडी तारेचा गुंता घ्यायचा, स्टेनलेस नको, गंजणारा हवा. त्यावरचा तेलकट थर जावा म्हणून तो व्हिनेगरमध्ये बुडवायचा, मग पाण्याने भरपूर धुवायचा, झटकायचा आणि नळीच्या तळाशी सैलसर बसवायचा. नळी पाण्यात पालथी उभी करायची, शेजारी तशीच एक रिकामी नळी ठेवायची. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची खूण करायची. एक-दोन दिवसांत, पाणी चढणे थांबले की, नळी वरखाली करून आतली-बाहेरची पातळी सारखी आणायची आणि मग मोजायचे. सुमारे तीन सेंटिमीटर, म्हणजे पंधराचा पाचवा भाग. गुंता धुताना आळस केला तर व्हिनेगर लोखंडाशी क्रिया करून हायड्रोजन सोडते आणि पाणी कमी चढते. रिकाम्या नळीतही पातळी हलली असेल तर खोलीचे तापमान बदलले आहे असे समजावे.

दुसरी वाट मला जास्त आवडते. मेणबत्ती ठेवा, प्रश्न बदला. “एक, दोन आणि तीन मेणबत्त्या लावून पाहा. पाणी केव्हा चढते, जळताना की विझल्यावर? दर वेळी सारखेच चढते का? का?” साहित्य तेच, वेळ जवळपास तोच, पण आता उत्तर झाकणावर नाही. पेटत्या मेणबत्त्या तीन झाल्या म्हणजे केस मागे बांधणे, बाही वर करणे आणि मोठ्या माणसाने शेजारी थांबणे या सूचना पहिल्या ओळीत हव्यात, शेवटी नकोत.

चौथे वाचन: अभ्यासक्रमाशी मेळ

इथे बहुतेक जण घटकांची नावे जुळवतात. अभ्यासक्रमात ‘हवेचे घटक’ आहे, पाठातही आहे, झाले. मेळ पाहायचा तो क्रियापदांचा. समजा अभ्यासक्रमातली अध्ययन निष्पत्ती अशी आहे: ‘विद्यार्थी हवेतील घटकांचे प्रमाण प्रयोगाने पडताळतो.’ यातला जीव ‘पडताळतो’ या शब्दात आहे. एका कागदावर डावीकडे सगळ्या निष्पत्ती लिहा, आणि पुढे तीन रकाने करा: मजकुरात कुठे, कृतीत कुठे, स्वाध्यायात कुठे. प्रत्येक रकान्यात पान क्रमांक लिहा, पण ते क्रियापद तिथे खरोखर घडत असेल तरच. नुसता विषय आला म्हणून नको.

स्वाध्यायासाठी एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक प्रश्न वाचा आणि त्याचे उत्तर पाठातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून जसेच्या तसे देता येते का पाहा. देता आले तर प्रश्न आठवणीचा. नमुना पाठात बारा प्रश्न होते, त्यांतल्या नऊंवर बोट ठेवता आले. ‘पडताळतो’ या निष्पत्तीसमोर स्वाध्यायात होते ते ‘हवेत ऑक्सिजनचे प्रमाण ___ टक्के असते’. पडताळणे शिकवायचे आणि आकडा विचारायचा, असा हा बेमेळ. त्यावर उपाय नवा पाठ लिहिण्याचा नाही, एक प्रश्न बदलण्याचा आहे. तीन गटांची काल्पनिक निरीक्षणे देऊन ‘कोणत्या गटाच्या प्रयोगात काहीतरी चुकले असावे, आणि कशावरून?’ असे विचारता येते.

उलट बाजूही पाहावी. पाठात असलेले पण कोणत्याही निष्पत्तीला न जोडता येणारे परिच्छेद वेगळ्या रंगाने रंगवा. या पाठात अरगॉनच्या उपयोगांवर पाऊण पान होते. वाचायला छान, पण पडताळणीच्या कृतीला जागा नाही म्हणून तिचे सहा ओळींत गाठोडे बांधले होते. तेव्हा ‘हा मजकूर जादा आहे’ असे न लिहिता ‘हा अर्ध्यावर आणून मोकळी जागा कृतीला द्यावी’ असे लिहावे.

नोंद कशी लिहायची

लेखकाला किंवा संपादकाला पाठवायची प्रत्येक नोंद एकाच साच्यात ठेवा: पान आणि ओळ, मूळ शब्द, अडचण, कारण, सुचवलेला मजकूर आणि निकड. सुचवलेला मजकूर मूळ मजकुराच्याच लांबीचा असावा. पानाची मांडणी ठरलेली असते, दोन ओळींच्या जागी सहा ओळी सुचवल्या तर सूचना पटूनही बाजूला पडते. निकडीचे तीनच दर्जे पुरतात: लगेच दुरुस्ती, पुढच्या आवृत्तीत, विचारार्थ. नमुना पाठाची पहिली नोंद अशी झाली:

पान 3, कृतीखालचे वाक्य, “मेणबत्तीच्या ज्वलनासाठी” पासून “सिद्ध होते” पर्यंत. अडचण: कारण चुकीचे, निष्कर्ष निघत नाही, वाक्य गुंतागुंतीचे, पान 1 वरील ज्वलनाच्या माहितीशी विसंगत. कारण: ज्योत विझते तेव्हा पेल्यात सुमारे 16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, वापरलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो, पाणी मुख्यतः हवा थंड होऊन आकुंचन पावल्याने चढते, मेणबत्त्यांची संख्या बदलली की चढही बदलतो. सुचवलेला मजकूर: “पाणी केव्हा चढले, जळताना की विझल्यावर? दोन मेणबत्त्या लावून पुन्हा पाहा. तेवढेच चढले का? तापलेली हवा थंड झाल्यावर काय होते ते आठवून कारण लिहा.” कृतीचे शीर्षक: “पाणी का चढते?” निकड: लगेच दुरुस्ती. सोबत: ऑक्सिजनच्या प्रमाणासाठी गंजाची कृती पान 4 वर, अरगॉनच्या परिच्छेदाच्या निम्म्या जागेत.